एकाच बाजूचं बंद नाक: चौदा वर्षांच्या मुलातला ॲन्ट्रोकोएनल पॉलिप

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातलं धानाचं गाव, भंडारा-गोंदिया पट्ट्यातलं. गावाला लागून जुना मालगुजारी तलाव आहे आणि पोरं त्यातच पोहायला शिकतात. मुलगा नववीत होता, वय 14. ओळख कळू नये म्हणून नाव आणि काही बारीक तपशील बदलले आहेत, त्याला इथे आकाश म्हणू. मी कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण तपासणी करतो. तिथे आकाश आई-वडिलांसोबत आला होता.

त्याची डावी नाकपुडी जवळपास दीड वर्षापासून बंद होती. पावसाळ्यात सर्दी झाली, उजवीकडची मोकळी झाली आणि डावीकडची राहूनच गेली. घरात त्याचं फार काही वाटलं नाही. धानाच्या मळणीच्या दिवसांत कोंडा आणि धूळ उडते, तेव्हा गावात निम्म्या लोकांची नाकं वाहत असतात. जवळच्या दवाखान्यात धुळीची ॲलर्जी असल्याचं सांगून लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू झाली, पुढे नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रेही आला. पहिल्या काही आठवड्यांत शिंका कमी झाल्यामुळे निदान बरोबर असल्याचं सगळ्यांना वाटलं. डावं नाक मात्र तसंच राहिलं.

मग दुसऱ्या ठिकाणी मानेचा बाजूने एक्स-रे काढला. त्यात नाकाच्या मागे सावली दिसली आणि ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या छताला असणारं टॉन्सिलसारखं मांस, वाढल्याचं सांगण्यात आलं. वय वाढेल तसं ते आपोआप बसेल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. मधल्या काळात मेडिकलमधून नाक मोकळं करायचे थेंब आणून रोज रात्री घालणं चालूच होतं.

अडचण नेमकी काय होती

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रातभर घोरते पोरगं. तोंड उघडं टाकून झोपते. सकाळी घसा कोरडा, मंग शाळेत पेंगत राह्यते."

मी आकाशला "मामा" म्हणायला सांगितलं. ऐकू आलं ते जवळपास "बाबा". म आणि न उच्चारताना हवा नाकातून जावी लागते. नाकाची मागची बाजू बंद असली की म चा ब होतो आणि न चा द. बोलणं कायम सर्दी झाल्यासारखं ऐकू येणाऱ्या मुलाला मी हे नेहमी म्हणायला लावतो. क्षणाचं काम आहे आणि कुठलंही उपकरण लागत नाही.

पुढचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: आधी कोणती बाजू बंद झाली? आकाशच्या वडिलांनी सुरुवातीला "दोन्ही नाकं बुजलेले राह्यतेत" असं सांगितलं. त्यावर थांबलो असतो तर ॲलर्जीच्याच दिशेने गेलो असतो. आईला विचारल्यावर उलगडलं, की पहिलं वर्षभर फक्त डावीकडचीच बाजू बंद होती आणि उजवीकडचा त्रास गेल्या तीनेक महिन्यांतला, तोही रात्री आडवं झाल्यावर. ॲन्ट्रोकोएनल पॉलिपमध्ये, म्हणजे गालाच्या पोकळीतून उगवून नाकात लोंबणाऱ्या मऊ गाठीत, असं होतं. गाठ एका बाजूने मागे वाढत जाते आणि नाकाच्या पाठीमागच्या पोकळीत, म्हणजे दोन्ही नाकपुड्या जिथे एकत्र येतात तिथे पोचली की दुसऱ्या बाजूचीही वाट अडवते. उशिरा आलेल्या रुग्णाचं नाक म्हणून दोन्हीकडून बंद असू शकतं. क्रम विचारल्याशिवाय ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट आकाशने स्वतःहून सांगितली. श्वास आत घेता यायचा थोडाफार, पण नाकातून बाहेर सोडायला गेलं की एकदम बंद. गाठ मागे लोंबत असली की बाहेर येणारी हवा तिला पाठीमागून ढकलून नाकाच्या मागच्या तोंडाशी दाबते. ॲलर्जीने सुजलेल्या नाकात आत-बाहेर असा फरक सहसा पडत नाही.

ॲलर्जीची म्हणून जी लक्षणं असतात ती फारशी नव्हती. नाकाला, डोळ्यांना खाज नाही. सकाळी उठल्यावर लागोपाठ शिंका नाहीत. घरात कुणाला दमा नाही. मळणीच्या हंगामात थोडा त्रास वाढायचा, पण हंगाम संपल्यावर डावं नाक मोकळं झालं असं एकदाही घडलं नव्हतं.

तपासणी

सुरुवात थंड स्टीलच्या पट्टीने केली. जीभ दाबायची साधी पट्टी नाकाखाली आडवी धरायची आणि मुलाला तोंड बंद करून नाकाने श्वास सोडायला सांगायचं. उजवीकडे वाफेचा ठिपका उमटला, डावीकडे काहीच नाही.

नाकात पाहिलं तर डावीकडे मागच्या भागात करडी-पांढरी, चकाकणारी, गुळगुळीत गाठ दिसली. नाक मोकळं करणारे थेंब टाकून दहा मिनिटं थांबलो. नाकातली नेहमीची मांसल घडी, जिला टर्बिनेट म्हणतात आणि जिला अनेकदा मांस वाढल्याचं समजलं जातं, ती थेंबांनी आक्रसते. आकाशची टर्बिनेट आक्रसली, गाठ होती तेवढीच राहिली. आता तिच्या मागचा भाग दिसू लागला होता. तोंड उघडून पडजिभेमागे पाहिलं, तेव्हा उलटी आल्यासारखं होऊन टाळू वर उचलला गेला आणि गाठीचं खालचं गोल टोक क्षणभर दिसलं. डावा कानाचा पडदाही थोडा आत ओढलेला होता, कारण कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड गाठीने दाबलं होतं.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. गाठ दिसल्यावर तिचा तुकडा काढून तपासायला पाठवावा, असं कुणालाही वाटेल. पण पौगंडातल्या मुलाच्या नाकात एकतर्फी गाठ असेल तर अँजिओफायब्रोमा नावाचा रक्तवाहिन्यांनी भरलेला गोळाही असू शकतो. तो जवळपास फक्त याच वयाच्या मुलग्यांत दिसतो. त्याचा तुकडा बाह्यरुग्ण विभागात घेतला तर रक्त थांबवणं अवघड होतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्तपेढीही जवळ नसते. तुकडा घ्यायचा नाही, हे मी गाठ पाहताच ठरवलं.

अँजिओफायब्रोमाच्या विरोधात काय होतं? आकाशच्या नाकातून दीड वर्षात रक्त फक्त एकदा, तेही थेंब-दोन थेंब आलं होतं. अँजिओफायब्रोमात घोळणा फुटून धार लागते, वारंवार लागते, आणि मूल कधीकधी पांढरंफटक दिसायला लागतं. गाठीचा रंगही लालसर-जांभळा असतो. इथली गाठ फिकट होती. सळईच्या बोथट टोकाने अगदी हलका स्पर्श केला तेव्हा ती मऊ लागली, हलली, मुलाला दुखलं नाही आणि रक्त आलं नाही. हा स्पर्शही मी फिकट रंग आणि रक्तस्रावाचा इतिहास दोन्ही पाहून झाल्यावरच केला.

तलावात पोहणारा मुलगा म्हटल्यावर आमच्या भागात आणखी एक नाव मनात येतंच, ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. साचलेल्या पाण्यात अंघोळ करणाऱ्यांत तो आढळतो आणि नाकात लालसर, खडबडीत मांस वाढतं. त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि हात लागताच रक्त येतं. आकाशची गाठ गुळगुळीत होती, ठिपके नव्हते. तो विचारही मागे पडला.

मग त्यांच्याकडचा जुना एक्स-रे उजेडात धरून पुन्हा पाहिला. नाकाच्या मागे गोल सावली होतीच. पण सावली आणि घशाच्या मागच्या भिंतीच्या मधे हवेची काळी कमानीसारखी पट्टी स्पष्ट दिसत होती. ॲडेनॉइड घशाच्या छताला आणि मागच्या भिंतीला चिकटलेलं असतं, त्यामुळे मधे हवा राहत नाही. हवेची पट्टी आहे म्हणजे गाठ पुढून, नाकातून, मागे लोंबत आली आहे. शिवाय चौदाव्या वर्षी ॲडेनॉइड साधारण आक्रसत आलेलं असतं, इतक्या मोठ्या वयात ते एकाएकी वाढून नाक बंद करेल हे कमी संभवतं.

निदान आणि ॲलर्जीच्या पॉलिपपासून फरक

सीटी स्कॅनसाठी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. एक्स-रेमधली हवेची पट्टी, फिकट रंग आणि रक्तस्राव नसणं यांमुळे रक्तवाहिन्यांसाठीचं औषध टोचून करायच्या स्कॅनची गरज नव्हती, साधा पुरेसा होता. त्यातलं चित्र स्वच्छ होतं. डाव्या गालाच्या हाडातली पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, पूर्ण भरलेली. तिचं नाकातलं तोंड रुंदावलेलं. तिथून गाठ नाकात आणि पुढे मागच्या पोकळीत गेलेली. हाड कुठेही खाल्लेलं नव्हतं, वरच्या जबड्याच्या मागची फट, जी अँजिओफायब्रोमात रुंदावते, ती नेहमीसारखी होती. उजव्या बाजूचे सगळे सायनस काळे, म्हणजे हवेने भरलेले. डोळ्यांच्या मधल्या लहान एथमॉइड पोकळ्याही दोन्हीकडे मोकळ्या.

हाच ॲन्ट्रोकोएनल पॉलिप. गुस्ताव किलियन या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्याला किलियनचा पॉलिपही म्हणतात. तो गालाच्या पोकळीच्या अस्तरातून उगवतो. तिथला भाग बहुधा द्रवाने भरलेल्या पिशवीसारखा असतो. मग पोकळीच्या तोंडातून, बऱ्याचदा मूळ तोंडाशेजारच्या जादा छिद्रातून, बारीक देठाने नाकात उतरतो आणि मागे जाऊन फुगतो. नाकात जे दिसतं ते त्याचं मधलं अंग असतं, मूळ गालात असतं.

ॲलर्जीशी जोडले जाणारे पॉलिप वेगळे असतात. ते डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड भागातून, दोन्ही बाजूंनी, घोसासारखे अनेक येतात आणि मोठ्या माणसांत जास्त दिसतात. सोबत अनेकदा दमा असतो, वास जातो, काहींना ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालत नाहीत. त्या मांसात इओसिनोफिल नावाच्या पेशी भरलेल्या असतात. स्टेरॉइड या पेशींच्या सुजेवर काम करतं, म्हणून स्प्रेने असे पॉलिप लहान होतात, काही काळ ऑपरेशन टळतंही. ॲन्ट्रोकोएनल पॉलिपमध्ये इओसिनोफिल थोडे असतात आणि बाकीची सूज साधी असते. स्प्रे वर्षभर मारला तरी गाठ तशीच राहते. आकाशच्या बाबतीत हेच झालं होतं. औषध चुकीच्या डोसमध्ये नव्हतं आणि घेण्यात कसूर नव्हती, मुळात तो आजार त्या औषधाचा नव्हता.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ॲलर्जी असलेल्या मुलालाही हा पॉलिप होऊ शकतो. आकाशला धुळीची थोडी ॲलर्जी असेलही, शिंका कमी झाल्या त्यावरून वाटतं. पण ॲलर्जी सापडली म्हणून एका बाजूची गाठ आपोआप ॲलर्जीची होत नाही. सर्व पॉलिपमध्ये ॲन्ट्रोकोएनलचं प्रमाण साधारण 4 ते 6 टक्के धरलं जातं, पण लहान मुलांच्या पॉलिपपुरतं बोलायचं तर ते जवळपास एक तृतीयांश असतं. उलट, लहान मुलाला दोन्हीकडे घोसाने पॉलिप आले तर ती गोष्ट दुर्मीळ असते, आणि सिस्टिक फायब्रोसिससारखा जन्मजात आजार तपासावा लागतो.

कोणते पर्याय समोर होते

औषधाने वाट पाहायची, हा पर्याय उरलाच नव्हता. घोरणं, दिवसा पेंगणं, कानाचा पडदा आत ओढला जाणं हे सगळं चालू होतं.

दुसरा पर्याय नाकातून गाठ धरून ओढून काढायचा. वडिलांना तोच पटत होता. तालुक्यालाच होईल, एका दिवसात घरी, आणि रोवणीच्या आधी काम उरकेल. मी त्यांना स्कॅनच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं की ओढलं तर देठापासून तुटेल, नाक त्याच दिवशी मोकळं होईल, आणि गालात राहिलेलं मूळ काही महिन्यांत पुन्हा नाकात येईल. त्यांनी फिल्म पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "म्हंजे बांधावरच्या हरळीवानी. वरून खुरपली तं पाऊस पडला का पुन्हा उगवते." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

तिसरा पर्याय जुना: वरच्या ओठाच्या आतून हिरडीवर चीर देऊन गालाचं हाड उघडायचं आणि सायनस थेट साफ करायचा. कॅल्डवेल-लुक नावाची ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं सर्रास व्हायची. मूळ डोळ्यांसमोर येतं हा तिचा मोठा फायदा. पण वाढत्या मुलात हाड तिथे मोठं कापलं तर पक्के दात आणि चेहऱ्याच्या वाढीला धोका असतो, सूज बरीच येते, आणि गाल व ओठ सुन्न राहू शकतात. चौदाव्या वर्षी सुळे बहुधा उगवलेले असतात, त्यामुळे धोका आठ-नऊ वर्षांच्या मुलापेक्षा कमी, तरी तो पहिला पर्याय म्हणून मला नको होता.

चौथा, दुर्बिणीने नाकातून सायनसचं तोंड मोठं करून आतलं मूळ काढायचं. आम्ही हाच निवडला. त्याची मर्यादाही आई-वडिलांना आधीच सांगितली. मूळ सायनसच्या मागच्या किंवा बाहेरच्या भिंतीवर असेल तर वाकडी अवजारं तिथे पोचतात. पुढच्या किंवा खालच्या कोपऱ्यात असेल तर नाकातून गेलेलं अवजार वळून तिथे पोचत नाही. तेव्हा ओठाच्या आतून, सुळ्याच्या मुळाच्या वर, हाडाला फक्त काही मिलिमीटरचं छिद्र पाडून अवजार आत न्यावं लागतं. स्कॅनवरून मूळ कुठे आहे ते दरवेळी कळत नाही, कारण पोकळी सगळीच भरलेली दिसते. म्हणून या छिद्राची संमतीही आम्ही आधीच घेतली, ऑपरेशनच्या मधे बाहेर येऊन घाबरलेल्या आईला विचारायची पाळी येऊ नये म्हणून.

खर्चाचा प्रश्न महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सुटला. त्यासाठी रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून आणायला एक चक्कर पडली. गावच्या आशाताईंनी ते काम मनावर घेतलं नसतं तर रोवणी सुरू झाली असती आणि ऑपरेशन दिवाळीपर्यंत गेलं असतं.

काय केलं

ऑपरेशन वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण भूल देऊन झालं. नळी तोंडातून घातली आणि घशात पट्टी ठेवली, म्हणजे रक्त श्वासनळीकडे जाणार नाही. ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवून अस्तर आक्रसवलं. हे मी घाई न करता करतो, कारण कोरड्या नाकात दुर्बिणीला जे दिसतं ते ओल्या, रक्ताळलेल्या नाकात दिसत नाही.

दुर्बीण घातल्यावर देठ सायनसच्या मागच्या बाजूच्या जादा छिद्रातून येताना दिसला. मूळ तोंड त्याच्या पुढे, आकड्यासारख्या पातळ हाडाआड लपलेलं होतं. ते हाड काढून मूळ तोंड शोधलं आणि जादा छिद्राशी जोडून एकच मोठं दार केलं. दोन छिद्रं वेगळी ठेवली तर सायनसमधला चिकट स्राव एका छिद्रातून बाहेर पडतो आणि दुसऱ्यातून परत आत जातो, मग सूज चालूच राहते. त्यानंतर देठ कापला. मागचा भाग इतका मोठा होता की नाकातून बाहेर येईना, तो घशात उतरवून तोंडातून काढला. लांबी माझ्या तर्जनीपेक्षा जास्त भरली.

इतक्यात नाक मोकळं दिसायला लागतं आणि काम संपल्यासारखं वाटतं. खरं काम इथून सुरू होतं. 70 अंशांची दुर्बीण, म्हणजे कोपऱ्याआड पाहणारी, सायनसमध्ये घातली. पिवळसर द्रव असलेली पिशवी फोडून शोषून घेतली. मागची भिंत स्वच्छ होती. बाहेरच्या भिंतीचा वरचा भाग स्वच्छ होता. पुढच्या-खालच्या कोपऱ्यात मात्र नखाएवढा जाड, उंचावलेला पट्टा होता, तेच मूळ. वाकड्या चिमट्याने त्याची मागची कड निघाली, पुढची निघेना. दोन-तीन अवजारं बदलून पाहिली.

निर्णयाची दुसरी जागा ही. पट्टा अर्धा निघाला होता, नाक मोकळं होतं, भूल बराच वेळ चालू होती. उरलेलं मूळ सोडून देता आलं असतं. पण पुन्हा उगवलं तर या घराला हीच चक्कर, हीच भूल पुन्हा. म्हणून ओठाच्या आतून लहान छिद्र पाडलं, त्यातून मायक्रोडेब्रायडर, म्हणजे मांस कापून लगेच ओढून घेणारं फिरतं पातं, आत नेलं आणि नाकातून दुर्बिणीने पाहत पुढची कड साफ केली. बाकीचं निरोगी अस्तर तसंच ठेवलं. पूर्ण सायनस खरडून काढला तर तिथलं स्राव बाहेर ढकलणारं काम कायमचं बिघडतं.

मांस तपासणीला पाठवलं. निदान कितीही पक्कं वाटत असलं तरी एकतर्फी गाठीचं मांस टाकून द्यायचं नाही. अहवालात सुजेचा साधा पॉलिप आला, इओसिनोफिल तुरळक, बुरशी नाही, गाठीचा वाईट प्रकार नाही.

नाकातली पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. घरी मिठाच्या पाण्याने दिवसातून तीनदा नाक धुवायला शिकवलं: उकळून गार केलेल्या एक ग्लास पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने. तलावाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाही, हे आजीसमोरही सांगितलं, कारण घरात पाणी तीच भरते.

परिणाम

घोरणं पहिल्या आठवड्यातच जवळपास थांबलं. महिन्याभरात "मामा" स्पष्ट ऐकू यायला लागलं आणि कानाचा पडदाही जागेवर आला. छिद्राच्या बाजूचा वरचा ओठ आणि एक-दोन दात सुन्न राहिले, त्याचा आकाशला वैताग होता. आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे घरचे घाबरले नाहीत. दोनेक महिन्यांत संवेदना परत आली.

तिसऱ्या महिन्याची तपासणी रोवणीत बुडाली. त्याला बरं वाटत होतं, मग का येईल? आशाताईंनी फोन करून पाठवलं तेव्हा सायनसच्या नव्या दाराशी पातळ चिकटा, म्हणजे दोन बाजूंचं अस्तर एकमेकांना जुळून बसणं, सुरू झालेला दिसला, तो बाह्यरुग्ण विभागातच बधिर करून सोडवला. आणखी उशीर झाला असता तर दार बंद झालं असतं आणि आत काय चाललंय ते दुर्बिणीला दिसलं नसतं. वर्षाच्या तपासणीत दार उघडं होतं आणि पुढच्या कोपऱ्यात नवं काही नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

दीड वर्षात तीन जागी वाट बदलता आली असती. पहिली, सर्दी ओसरल्यावर एकच नाकपुडी सहा-आठ आठवडे बंद राहिली तेव्हा. थंड पट्टीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेच्या आरोग्य तपासणीतही होऊ शकते. दुसरी, स्प्रे सुरू केल्यावर. दोन महिन्यांनी शिंका कमी आणि नाक तसंच, हे त्या उपचाराचं अर्धं उत्तर होतं. तेव्हा स्प्रे वाढवण्याऐवजी नाकात उजेड टाकून पाहायला हवं होतं. तिसरी, एक्स-रेची. त्यातली हवेची पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती. एक्स-रेबरोबर "डावं नाक, एकच बाजू, वर्षभर" एवढं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तर वाचणाऱ्याची नजर तिथे गेली असण्याची शक्यता जास्त होती.

थेंबांबद्दलही बोलायला हवं. नाक मोकळं करणारे थेंब सलग पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घातले की नाकच त्यांना सरावतं आणि ते उतरल्यावर आधीपेक्षा जास्त सुजतं. आकाशचं उजवं नाक बंद होण्यात याचाही थोडा वाटा असणार. मेडिकलच्या काउंटरवर बाटली देताना हे सांगितलं जात नाही.

आमच्या बाजूने बदलण्यासारखं म्हणजे तिसऱ्या महिन्याची तारीख. ती पंचांग न पाहता, कॅलेंडरवर नव्वद दिवस मोजून दिली होती आणि नेमकी रोवणीत पडली. आता ऑपरेशनच्या दिवशीच शेतीचा हंगाम विचारून तारखा लावतो आणि त्या आशाताईंच्या वहीतही लिहून देतो.

हा पॉलिप परत येतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. आकाशची दोन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत. पुढची दुर्बीण तपासणी धानकापणी आटोपल्यावर ठेवली आहे. त्याआधी डावं नाक बंद वाटलं, रक्त आलं किंवा "मामा" पुन्हा "बाबा" ऐकू यायला लागलं, तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे आई-वडिलांना चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.